मध्येच प्लॅन बदललेल्या महिन्याचे सॉफ्टवेअर बिल कसे तपासावे

पुण्यातील एका छोट्या कार्यालयाचे उदाहरण घेऊ. तेथे कामांच्या नोंदी ठेवण्यासाठी एक सॉफ्टवेअर मासिक सबस्क्रिप्शनवर घेतलेले आहे. १ जून २०२५ रोजी कार्यालयाकडे ‘बेसिक’ प्लॅनच्या १० सीट होत्या. एका सीटचा दर महिना ५०० रुपये, म्हणजे महिन्याचे ५,००० रुपये आणि त्यावर जीएसटी. हे पैसे महिना सुरू होतानाच कार्डावरून गेले. ११ जूनला प्लॅन वाढवून ‘प्रो’ घेतला, ज्याचा दर सीटमागे ८०० रुपये आहे. २१ जूनला दोन नवे सहकारी रुजू झाले, म्हणून सीट १० वरून १२ केल्या. हिशेब पाहणाऱ्या व्यक्तीने पुढच्या बिलाचा आकडा मनाशी धरला होता तो साधा होता: १२ गुणिले ८०० म्हणजे ९,६०० रुपये, आणि १८ टक्के जीएसटी धरून ११,३२८ रुपये. प्रत्यक्षात १ जुलैला बिल आले ते १३,१३७ रुपये ३३ पैशांचे. ते असे होते:

```
Unused time on 10 × Basic after 11 Jun 2025    -3,333.33
Remaining time on 10 × Pro after 11 Jun 2025    5,333.33
Unused time on 10 × Pro after 21 Jun 2025      -2,666.67
Remaining time on 12 × Pro after 21 Jun 2025    3,200.00
12 × Pro (1 Jul – 1 Aug 2025)                   9,600.00
Subtotal                                       12,133.33
CGST 9%                                         1,092.00
SGST 9%                                         1,092.00
Total                                          14,317.33
Applied balance                                -1,180.00
Amount due                                     13,137.33
```

कार्यालय आणि विक्रेता येथे उदाहरणापुरते कल्पिलेले आहेत, पण बिलाची ही भाषा खरी आहे. अनेक सॉफ्टवेअर कंपन्या आपली बिले स्ट्राइपसारख्या बिलिंग यंत्रणेतून काढतात, आणि `Unused time` व `Remaining time` हे शब्द त्या यंत्रणेतूनच येतात. दुसऱ्या एखाद्या बिलावर शब्द वेगळे असतील, परंतु ओळींची रचना बहुधा अशीच असते.

रकमेआधी मुदत वाचावी

बिल हातात आल्यावर पहिले काम बेरीज करण्याचे नाही. प्रत्येक ओळ कोणत्या काळाबद्दल बोलते आहे, एवढेच आधी पाहावे आणि ओळींच्या दोन गटांमध्ये पेन्सिलीने एक रेघ ओढावी. आपल्या बिलातील पहिल्या चार ओळी सरलेल्या जून महिन्याच्या आहेत आणि पाचवी ओळ येणाऱ्या जुलैची आहे. ठरलेल्या दराचे सबस्क्रिप्शन सहसा आगाऊ घेतले जाते; मात्र महिन्याच्या मध्यात केलेल्या बदलाचा फरक आगाऊ घेता येत नाही, कारण बिल निघाले तेव्हा तो बदल झालेलाच नसतो. म्हणून एकाच कागदावर मागचे आणि पुढचे असे दोन महिने एकत्र येतात, आणि नवख्या माणसाचा गोंधळ बहुतेक वेळा येथेच होतो.

पाचवी ओळ तपासणे सोपे आहे. १२ सीट, ८०० रुपये दर, पूर्ण महिना, ९,६०० रुपये. ओळीत `1 Jul – 1 Aug` असे लिहिलेले असले तरी १ ऑगस्ट हा दिवस त्यात धरलेला नाही. तो मुदत संपण्याचा क्षण आहे. याच पद्धतीने १ जून ते १ जुलै ही मुदत ३० दिवसांची होते, ३१ दिवसांची नव्हे. पुढचा सगळा भागाकार या ३० वर उभा असल्याने हा एक दिवस चुकला तर प्रत्येक ओळ चुकेल. ज्यांचे बिल १४ तारखेला निघते त्यांनी १४ ते १४ अशी मुदत मोजावी. कॅलेंडरचा महिना तेथे कामाचा नाही.

वजा आणि अधिक ओळींची जोडी

आता जूनच्या चार ओळी. त्या दोन जोड्यांच्या रूपात वाचाव्यात. प्रत्येक बदलाच्या क्षणी यंत्रणा दोन गोष्टी करते: जुन्या प्लॅनचे जे दिवस वापरायचे राहिले त्यांचे पैसे वजा दाखवून परत जमा करते, आणि त्याच उरलेल्या दिवसांचे पैसे नव्या प्लॅनच्या दराने पुन्हा लावते. `Unused time` म्हणजे न वापरलेल्या दिवसांची जमा, आणि `Remaining time` म्हणजे त्याच दिवसांची नवी आकारणी.

११ जूनच्या आरंभी महिन्याचे २० दिवस शिल्लक होते. बेसिकचे ५,००० गुणिले २० भागिले ३० म्हणजे ३,३३३.३३ रुपये वजा झाले. प्रोच्या १० सीटचे पूर्ण महिन्याचे ८,००० रुपये होतात. त्यांचे २० दिवसांचे ५,३३३.३३ रुपये लागले. या जोडीचा निव्वळ परिणाम २,००० रुपये. हाच आकडा दुसऱ्या वाटेनेही येतो: सीटमागे दरातील फरक ३०० रुपये, १० सीटचे ३,०००, आणि त्यांचे दोन तृतीयांश २,०००.

दुसऱ्या जोडीपाशी अनेक जण अडतात. आपण तर फक्त दोन सीट वाढवल्या होत्या, मग प्रो प्लॅनचे २,६६६.६७ रुपये वजा कशासाठी आणि १२ सीटचे ३,२०० रुपये अधिक कशासाठी, असा प्रश्न साहजिकच पडतो. यंत्रणा ‘दोन सीट वाढल्या’ अशी नोंद करत नाही. ती १० सीटची जुनी व्यवस्था २१ जूनपासून मिटवते आणि १२ सीटची नवी व्यवस्था मांडते. शेवटचे १० दिवस उरले होते, म्हणून ८,००० चा एक तृतीयांश वजा झाला आणि ९,६०० चा एक तृतीयांश अधिक झाला. फरक ५३३.३३ रुपये, आणि दोन सीटचे १० दिवसांचे भाडेही नेमके तेवढेच येते. माझ्या मते बिलावर हा फरक एका ओळीत दिला असता तर वाचणाऱ्याचे कष्ट वाचले असते. पण जोडी करून वाचण्याची सवय लागली की ही मांडणी अवघड राहत नाही.

महिना कागदावर मांडून दुसऱ्या बाजूने पडताळा

ओळीमागून ओळ तपासताना एक धोका असतो. बिलात जे लिहिले आहे तेच आपण पुन्हा मोजतो, आणि बिलात जी ओळ राहून गेली किंवा दोनदा आली ती आपल्या लक्षात येत नाही. म्हणून बिल बाजूला ठेवून एकदा स्वतंत्र हिशेब करावा. माझ्या अनुभवात खऱ्या चुका याच हिशेबात पकडल्या जातात.

एक आडवी रेघ काढून ती जूनचे ३० दिवस आहे असे समजावे. ११ आणि २१ तारखेला तिच्यावर खुणा कराव्यात. तीन तुकडे पडतात, आणि येथे ते तिन्ही १० दिवसांचे आहेत. पहिल्या तुकड्यात बेसिकच्या १० सीट होत्या: ५,००० चा एक तृतीयांश, १,६६६.६७ रुपये. दुसऱ्यात प्रोच्या १० सीट: २,६६६.६७ रुपये. तिसऱ्यात प्रोच्या १२ सीट: ३,२०० रुपये. पूर्ण अपूर्णांक धरून तिघांची बेरीज ७,५३३.३३ रुपये होते. जून महिना खरोखर एवढ्याला पडायला हवा होता. त्यापैकी ५,००० रुपये १ जूनलाच दिलेले आहेत. उरले २,५३३.३३ रुपये.

आता बिलातील जूनच्या चार ओळींची बेरीज करावी: ३,३३३.३३ वजा, ५,३३३.३३ अधिक, २,६६६.६७ वजा, ३,२०० अधिक. उत्तर २,५३३.३३ रुपये. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला, म्हणजे जूनचा भाग बरोबर आहे. महिन्याभरात बदल दोन असोत वा सात, ही पडताळणी तशीच चालते, कारण बदलांच्या साऱ्या जोड्या मिळून ‘महिन्याची खरी किंमत उणे आगाऊ दिलेले पैसे’ एवढेच सांगत असतात.

येथे एक खबरदारी घ्यावी. काही विक्रेते बदलाचा फरक पुढच्या बिलावर टाकतात, तर काही बदल केला त्याच दिवशी वेगळे बिल काढून पैसे घेतात. आगाऊ दिलेल्या रकमेत जूनमध्ये निघालेली सर्व बिले धरावी लागतात, केवळ १ जूनचे नव्हे. ११ जूनला कार्डावरून २,००० रुपये आणि त्यावरील कर आधीच गेलेला असेल, तर १ जुलैच्या बिलात पहिली जोडी दिसताच कामा नये. ती दिसली तर एकाच बदलाचे पैसे दोनदा घेतले गेले आहेत. हे शोधण्यासाठी बँकेचे किंवा कार्डाचे जूनचे विवरणपत्र शेजारी असणे आवश्यक आहे.

दिवस जुळत नसतील तर उलट भागाकार

वरील विक्रेता पूर्ण दिवस मोजणारा होता. सगळे तसे मोजत नाहीत. स्ट्राइपची मूळ पद्धत सेकंदापर्यंत मोजण्याची आहे, त्यामुळे दुपारी बटण दाबले की २०/३० असा सुबक अपूर्णांक मिळत नाही. दिवस मोजणाऱ्यांमध्येही बदलाचा दिवस जुन्या प्लॅनमध्ये धरायचा की नव्या, याबद्दल एकमत नसते. आपला आकडा आणि बिलाचा आकडा थोड्याशा फरकाने वेगळा आला, तर लगेच चूक समजू नये. ओळीतील रकमेला पूर्ण महिन्याच्या किमतीने भागावे.

समजा, पहिल्या दोन ओळी ३,२२५ रुपये वजा आणि ५,१६० रुपये अधिक अशा आल्या असत्या. ३,२२५ ला ५,००० ने भागले की ०.६४५ येते. त्याला ३० ने गुणले की १९.३५, म्हणजे बदलाच्या क्षणी १९.३५ दिवस शिल्लक होते आणि १०.६५ दिवस सरले होते. १० पूर्ण दिवसांनंतर ११ तारीख सुरू होते, आणि ०.६५ दिवस म्हणजे १५ तास ३६ मिनिटे. यंत्रणेच्या घड्याळाप्रमाणे हा बदल ११ जूनला दुपारी ३ वाजून ३६ मिनिटांनी झालेला आहे. त्या वेळी खरोखर कोणी प्लॅन बदलला होता का, हे सहकाऱ्याला विचारून किंवा पुष्टीचा ईमेल उघडून पाहता येते.

ईमेलवर वेळ रात्री ९ वाजून ६ मिनिटांची दिसली, तरी गोंधळून जाऊ नये. अनेक यंत्रणा यूटीसी वेळ पाळतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे, दुपारचे ३.३६ अधिक साडेपाच तास म्हणजे रात्रीचे ९.०६. याच कारणाने भारतात ११ जूनच्या पहाटे दोन वाजता केलेला बदल बिलावर १० जूनचा दिसू शकतो, कारण यूटीसीप्रमाणे तेव्हा १० तारखेचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात.

या उलट भागाकाराचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे. एका जोडीतील दोन्ही ओळी एकाच क्षणापासून मोजलेल्या असतात, तेव्हा त्यांचा भागाकार सारखाच यायला हवा. ५,१६० भागिले ८,००० हेही ०.६४५ च आहे. माझ्या हाती एकदा असेच दर असलेले एक बिल आले होते, ज्यात अधिक ओळीचा भागाकार ०.६४५ होता आणि वजा ओळीचा ०.५१६. दोन्ही आकड्यांचे गुणोत्तर काढले तर ०.८ आले, आणि तेव्हा उलगडा झाला: जुन्या प्लॅनवर २० टक्के सवलत चालू होती. जमा झालेली रक्कम सवलतीच्या दराने होती, आणि ते योग्यच होते, कारण जेवढे दिले होते तेवढेच परत मिळणार. पण ती सवलत संपूर्ण खात्याला लागू असूनही नव्या प्लॅनच्या ओळीला लागलीच नव्हती. ५,१६० चे २० टक्के, म्हणजे करापूर्वी १,०३२ रुपये जास्त घेतले गेले होते. विक्रेत्याला हे दोन भागाकार लिहून पाठवल्यावर त्यांनी चूक मान्य केली. नुसते ‘बिल जास्त वाटते’ असे कळवले असते, तर ते इतके लवकर सुटले असते असे मला वाटत नाही.

कर कशावर, आणि क्रेडिट कोठे

बिलाच्या खालच्या भागात क्रम महत्त्वाचा आहे. दोन्ही गटांची बेरीज, २,५३३.३३ आणि ९,६००, मिळून १२,१३३.३३ रुपये होते. वजा ओळी कराच्या वर आहेत, म्हणून त्यांनी करपात्र रक्कमही कमी केली. १८ टक्के म्हणजे २,१८४ रुपये. विक्रेता महाराष्ट्रात नोंदलेला असल्याने ते सीजीएसटी आणि एसजीएसटी असे १,०९२ रुपयांच्या दोन ओळींत विभागले आहेत. तो कर्नाटकातील असता तर २,१८४ रुपयांची आयजीएसटीची एकच ओळ असती. परदेशी कंपनीच्या बिलावर कराची ओळच नसेल आणि आपला जीएसटी क्रमांक त्यावर असेल, तर तो कर रिव्हर्स चार्जने आपण भरायचा असतो, हे आपल्या कर सल्लागाराच्या नजरेस आणून द्यावे.

यानंतर येणारी `Applied balance` ही ओळ वजा असली तरी ती वरच्या वजा ओळींच्या जातीची नाही. हे खात्यावर आधीच पडून असलेले पैसे आहेत आणि ते कर लागल्यानंतरच्या एकूण रकमेतून वळते होतात. आपल्या उदाहरणात मे महिन्यात विक्रेत्याने दोन सीट चुकून जास्त लावल्या होत्या. त्यांचे १,००० रुपये आणि त्यावरील १८० रुपये कर, असे १,१८० रुपये क्रेडिट नोट देऊन त्याने खात्यावर जमा केले. क्रेडिटमध्ये कर आधीच धरलेला आहे, म्हणून ते करानंतर वजा होणे बरोबर आहे. १४,३१७.३३ मधून १,१८० गेले की देय रक्कम १३,१३७.३३ रुपये राहते.

या ठिकाणी तपासणाऱ्याचा स्वतःचा हिशेब चुकण्याची शक्यता मोठी असते. क्रेडिट आधी वजा करून मग कर लावला तर उत्तर १२,९२४.९३ येते आणि बिल २१२.४० रुपयांनी जास्त वाटू लागते. आपल्या आणि बिलाच्या आकड्यातील फरक नेमका क्रेडिटच्या १८ टक्के असेल, तर बहुधा चूक आपल्या क्रमात आहे. उलट, क्रेडिट करासह द्यायचे असताना विक्रेत्याने फक्त १,००० रुपयेच जमा केले असतील, तर ती त्याची चूक आहे, आणि ती मूळ क्रेडिट नोट उघडल्याशिवाय दिसत नाही. म्हणून प्रत्येक `Applied balance` ओळीमागची क्रेडिट नोट शोधून तिचा क्रमांक बिलाच्या कडेला लिहावा.

जीएसटी नोंदणी असलेल्या कार्यालयाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या बिलावरचे इनपुट टॅक्स क्रेडिट २,१८४ रुपयांचे आहे. कार्डावरून रक्कम कमी गेली म्हणून ते कमी होत नाही. क्रेडिट नोटमधील १८० रुपयांचा कर त्या नोटच्या नोंदीत स्वतंत्रपणे वजा होतो. येथे दोन अगदी वेगळ्या गोष्टींना ‘क्रेडिट’ हा एकच शब्द वापरला जातो, त्यामुळे वहीत एकीला ‘खात्यावरची जमा’ आणि दुसरीला ‘कराचे क्रेडिट’ असे पूर्ण नाव द्यावे.

पैशांचा किरकोळ फरक कितीपर्यंत सोडून द्यावा, असे विचारले जाते. प्रत्येक ओळ जवळच्या पैशापर्यंत पूर्ण केली जाते, म्हणजे एका ओळीत जास्तीत जास्त अर्धा पैसा इकडे-तिकडे होतो. पाच ओळींच्या बेरजेत दोन-तीन पैशांचा फरक चालेल. एक रुपयाचा फरक मात्र अशा रीतीने पडू शकत नाही. त्याचे कारण शोधलेच पाहिजे.

विक्रेत्याला लिहिताना

फरक निघालाच तर बिलाचा क्रमांक, नेमकी ओळ, तिची मुदत, आपला हिशेब आणि फरकाची रक्कम एवढे लिहावे. उदाहरणार्थ: ‘११ जूनच्या प्लॅनबदलाचे २,००० रुपये आणि कर आपण त्याच दिवशीच्या बिलाने घेतला आहे. तीच जोडी १ जुलैच्या बिलात पुन्हा आली आहे. करासह २,३६० रुपये जास्त आकारले गेले आहेत. कृपया क्रेडिट नोट द्यावी.’ पैसे खात्यावर जमा होणार की कार्डावर परत येणार, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे, कारण खात्यावरची जमा फक्त पुढच्या बिलांत वळती होते आणि सबस्क्रिप्शन बंद केल्यास ती आपोआप परत मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

बिल बरोबर निघाले तरी फाइल बंद करण्यापूर्वी पुढच्या बिलाचा अपेक्षित आकडा कडेला लिहून ठेवावा. जुलैमध्ये कोणताही बदल झाला नाही तर १ ऑगस्टच्या बिलात एकच ओळ असेल, १२ सीटचे ९,६०० रुपये, त्यावर १,७२८ रुपये कर, एकूण ११,३२८. खात्यावरची जमा १ जुलैलाच संपलेली असल्याने `Applied balance` ची ओळ नसेल, आणि जूनचा उल्लेख असणारी एकही ओळ नसेल.